‘येतो’ म्हणालात ना?

(स्मृतिव्याख्यानमालेत बडोदे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विषय ऐकून काही जणांनी भुवया उंचावल्या, हे मला निमंत्रण आलं त्याच दिवशी कळलं. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर बोललं जातं तिथं वाहतूक पोलिसांच्या एका ओळीवर तासभर काय बोलणार? माझं सारं आयुष्य जाहिरातींची वाक्यं लिहिण्यात गेलं. साबणाची, टायरची, बँकेची. त्यांपैकी बहुतेक वाक्यं चुकली असती तरी फारतर साबण कमी खपला असता. शहराच्या वाहतूक शाखेत बसून मोबाइलवर टाकण्यासाठी एका छायाचित्राखाली दोन ओळी लिहिणाऱ्या हवालदाराचं तसं नाही. त्याच्या हातात माझ्यापेक्षा अवघड काम आहे, आणि ते त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

आपण सगळ्यांनी पाहिलेल्या पाटीपासून सुरुवात करू. महाराष्ट्रात घाट लागला की ‘अति घाई संकटात नेई’ दिसते. नर्मदा ओलांडून इकडे आलं की ‘झडपनी मजा, मोतनी सजा’. यमक दोन्हीकडे चोख आहे, आणि मला यमकाचा राग नाही. पण ही वाक्यं वाचून चालकानं पुढच्या मिनिटात नेमकं काय करायचं? घाई म्हणजे ताशी किती? अति घाई मी कधी करतो का? मी तर फक्त घाई करतो, अति घाई तो पुढचा करतो. सुभाषिताची गंमत अशी की ते सगळ्यांना पटतं आणि कोणालाच लागू होत नाही. नियम वेगळा असतो. तो हाताला काहीतरी करायला सांगतो, आणि ते केलं की नाही हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दिसतं.

तेव्हा आज आपण एकच ओळ तयार करायची आहे. बडोद्यासाठी, दुचाकीवाल्यांसाठी. सीटबेल्ट, मोबाइल, उलट्या बाजूनं येणं, सिग्नल तोडणं, हे सगळं आज मी बाजूला ठेवणार आहे. ज्या चित्राखाली पाच नियम लिहिलेले असतात त्यातला एकही वाचला जात नाही. साहेबांना मात्र ते आवडतं, कारण त्यात काही राहून गेलेलं नसतं.

नियम निवडण्याआधी सबब शोधावी लागते. माणूस हेल्मेट का घालत नाही? डोकं फुटतं हे त्याला ठाऊक नसतं असं नाही. आपल्या शहरात मला सर्वांत जास्त ऐकू आलेलं उत्तर म्हणजे ‘अहीं ज जवुं छे’. इथंच तर जायचंय. दांडिया बाजारातून रावपुऱ्यात, भाजीला, दुधाला, वेगही वीस-पंचवीसचा. ही सबब इतकी लोकप्रिय की एकदा ती सरकारी धोरण झाली. ४ डिसेंबर २०१९ रोजी गुजरातच्या मंत्रिमंडळानं ठरवलं की महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत हेल्मेट ऐच्छिक, हद्दीबाहेर सक्तीचं. त्याच्या तीनच महिने आधी केंद्राच्या नव्या कायद्यातला हजाराचा दंड राज्यानं पाचशेवर आणला होता. पुढे जानेवारी २०२० मध्ये सरकारला उच्च न्यायालयात सांगावं लागलं की हेल्मेट सक्तीचंच आहे. मधल्या काही आठवड्यांत लोकांच्या मनात एक गोष्ट मात्र पक्की बसली: गाव संपलं की धोका सुरू होतो. पुण्यात २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटविरोधी मंडळी पगडी घालून रस्त्यावर आली होती, तेव्हा त्यांचा मुद्दाही जवळपास हाच होता, फक्त तो पुणेरी ठसक्यात मांडलेला होता.

आता ही सबब गणितात तपासू. गणित शाळेच्या पुस्तकातलंच आहे, घाबरू नका. ॲक्टिवावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. समजा गाडी उभीच आहे. वाळूवर पाय घसरला, गाडी कलंडली, आणि माणूस आडवा पडला. काही न अडवता दीड मीटरवरून खाली येणारी वस्तू जमिनीला लागते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर असतो. म्हणजे गाडीचा काटा शून्यावर असला तरी डोकं डांबरावर जवळजवळ वीसच्या वेगानं आपटू शकतं. खांदा किंवा हात आधी टेकला तर थोडं कमी, हे खरं. पण या आकड्याचा गाडीच्या वेगाशी संबंधच नाही, तो फक्त उंचीवर ठरतो. रावपुऱ्यात पडा नाहीतर हायवेवर पडा, दीड मीटर दीड मीटरच राहतो. गाडीचा वेग पुढच्या घसरण्यात आणि समोर खांब किंवा दुभाजक आला तर मोजावा लागतो. तिथं हायवे अर्थातच जास्त जीवघेणा आहे. पण ‘इथंच’ म्हणजे सुरक्षित, हे खोटं ठरायला गाडी उभी असतानाचं पडणंच पुरेसं आहे.

मग हेल्मेट करतं काय? लोकांना वाटतं, वरचं कडक कवच डोकं वाचवतं. खरं काम आतला थर्माकोल करतो. कवटी थेट डांबरावर आदळली तर तिला थांबायला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मिळतात. थर्माकोलचा थर चिरडत जातो, तेव्हा तेच थांबणं दीड-दोन सेंटीमीटरमध्ये पसरतं. थांबायचं अंतर सात-आठ पट झालं की मेंदूला बसणारा झटका तितक्याच पटीनं कमी होतो. बाहेरचं कवच तो मार मोठ्या भागावर वाटून देतं आणि खिळ्यासारखी टोकदार वस्तू आत येऊ देत नाही. म्हणूनच एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कोरं दिसलं तरी टाकून द्यायचं असतं. आतला थर्माकोल चिरडला की पुन्हा फुगत नाही. आणि म्हणूनच फुटपाथवर मिळणारी, आत नुसता स्पंज लावलेली टोपी ही हेल्मेट नव्हे, दंड चुकवायची पावती आहे. आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक पाहून घ्या, आणि अंगठ्यानं दाबून पाहा. स्पंज लगेच आत जातो, थर्माकोल जात नाही.

इथं मी थोडा बडोद्याबाहेर जातो. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये सायकलवरच्या दोन मुलांना वाचवताना एका माणसाची मोटारसायकल घसरली. सहा दिवस बेशुद्ध राहून तो गेला. तो होता टी. ई. लॉरेन्स, सिनेमातला ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत ब्रिटनमध्ये २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागं बसणारे रस्त्यावर मेले होते. १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केर्न्स यांनी या मृत्यूंबद्दल लिहिलं आणि हेल्मेट घातलेल्या स्वारांची आपल्या हाती आलेली मोजकीच प्रकरणं मांडली. ती होती फक्त सात, आणि सातही जण वाचलेले होते. सातांवरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे त्यांनाही माहीत होतं. पण लष्करानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निरोप्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य नागरिकांसाठी ब्रिटनमध्ये कायदा यायला १९७३ उजाडलं. बत्तीस वर्षं. तेव्हा उशीर करणारे आपण एकटेच आहोत असं समजू नका.

पुढं अशा अभ्यासांची रास पडली. त्यांतल्या एकसष्ट अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये आला, तो सांगतो की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नाही, ही मर्यादा मी मुद्दाम सांगतो. आपल्या केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक मेल्याची नोंद आहे, त्यांत १४,३३७ मागच्या सीटवरचे. हेल्मेट असतं तर हे सगळे वाचले असते असं कोणी पोस्टरवर लिहिलं तर ते खोटं आहे. पोट, छाती, रक्तस्राव यांनी माणसं मरतात, तिथं हेल्मेट काही करू शकत नाही. पण तो ४२ टक्क्यांचा हिशेब इथं ढोबळमानानं लावला तरी वीस हजारांच्या आसपास आकडा येतो. वर्षाला वीस हजार, ही काही लहान संख्या नव्हे.

आता नियमाकडे या. ‘हेल्मेट घाला’ हा नियम चांगला आहे, पण बडोद्याच्या रस्त्यावर तो पुरेसा नेमका नाही. काळा घोडा सर्कलच्या आधी शंभर पावलं उभं राहून पाहा. हेल्मेट आहे, पण कोपराला अडकवलेलं. हेल्मेट आहे, पण आरशावर. पोलीस दिसला की ते डोक्यावर चढतं, पट्टा लोंबत राहतो, सर्कल गेलं की पुन्हा कोपराला. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडताना डोक्याच्या आधी निघून जातं. गाडीवरून माणूस फेकला गेला की हेल्मेट एका दिशेला आणि डोकं दुसऱ्या दिशेला. कायद्यालाही हे ठाऊक आहे: मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ नुसतं ‘डोक्यावर असावं’ म्हणत नाही, पट्ट्यानं घट्ट बांधलेलं असावं असं म्हणतं. तेव्हा आपला नियम हेल्मेट नव्हे, पट्टा. ‘पट्टा लावा’, दोन शब्द. ज्याच्याजवळ हेल्मेटच नाही त्यालाही यात हेल्मेटचं सांगून होतं, आणि ज्याच्याजवळ आहे त्याला ‘मी तर घालतो’ म्हणून सुटता येत नाही. पट्टा नीट लागला की टक असा आवाज होतो. हनुवटी आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जावीत, तीन जाऊ नयेत. मागून धरून हेल्मेट पुढं ओढलं तर ते डोक्यावरून निघता कामा नये. हे सगळं पोस्टरवर लिहायचं नाही, हे तुमच्यासाठी.

नियम झाला. आता माणूस. वाहतूक शाखेच्या माणसाला पहिला मोह होतो भीतीचा. रक्त, स्ट्रेचर, पांढरी चादर, आणि खाली ‘या वर्षी इतके मृत्यू’. अमेरिकेत टेक्सासमध्ये याचा नकळत मोठा प्रयोग झाला. तिथं महामार्गावरच्या दिव्यांच्या पाट्यांवर दर महिन्यातला एक आठवडा वर्षभरातल्या मृत्यूंचा आकडा दाखवत. बाकीच्या आठवड्यांत दाखवत नसत. त्यामुळे तुलना सोपी झाली. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचा अभ्यास छापून आला: आकडा दाखवलेल्या आठवड्यात पाटीच्या पुढच्या दहा किलोमीटरमध्ये अपघात कमी होण्याऐवजी साडेचार टक्क्यांनी वाढले. संशोधकांचा कयास असा की मरणाचा आकडा वाचून चालकाचं लक्ष काही क्षण रस्त्यावरून उडतं. मोबाइलवर घरी बसून वाचायच्या ओळीला हे तसंच्या तसं लागू होत नाही. पण आपल्याकडे तीच ओळ मोबाइलवर टाकतात आणि तीच सिग्नलच्या फलकावर छापतात. चाळीसच्या वेगानं जाणारा माणूस तीन सेकंद फलक वाचत राहिला तर तेवढ्यात तो तेहतीस मीटर पुढं गेलेला असतो. रस्त्यावरच्या फलकावर फार तर दोन शब्द, असं माझं मत आहे.

दुसरा मोह अधिक कठीण, आणि तो आपल्या शहराला ठाऊक आहे. १३ मार्च २०२५ च्या रात्री, होळीच्या, करेलीबागेत भरधाव मोटारीनं दुचाकींना उडवलं. एका महिलेचा जीव गेला, काही जण जखमी झाले. ती चित्रफीत देशभर फिरली. कोणालाही वाटेल की यापेक्षा परिणामकारक गोष्ट कुठली? मी म्हणतो, ती वापरू नका. एक तर त्या घराची परवानगी कोणी घेतली? आणि दुसरं, ती पाहून प्रत्येक जण त्या चालकाकडे बोट दाखवतो. दोष ठरवायला न्यायालय आहे, ते काम ते करील. पण बोट बाहेर गेलं की ते स्वतःकडे वळत नाही. राक्षस दाखवला की पाहणारा स्वतःला सज्जन समजून गाडी काढतो, आणि हेल्मेट आरशावरच राहतं. पोस्टरमधला माणूस पाहणाऱ्याला स्वतःच्या घरातला वाटला पाहिजे.

तो मला सापडला आपल्या भाषेत. आणि इथंच बडोद्याचा फायदा आहे, कारण मराठी आणि गुजराती दोघींनी एकच गोष्ट जपली आहे. घरातून निघताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही. लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटलं की आजी रागावून परत बोलवायची आणि ‘येतो म्हण’ म्हणायची. गुजराती शेजारी म्हणतो ‘आवुं छुं’, आणि त्याला निरोप देणारा म्हणतो ‘आवजो’. निघताना परत येण्याचं आश्वासन द्यायचं, ही आपल्या दाराची रीत आहे. ते वाक्य दुधाला जाताना म्हणतात आणि मुंबईला जाताना म्हणतात, त्याला अंतराची अट नाही. ‘इथंच तर जायचंय’ या सबबीला उत्तर याच वाक्यात आहे.

म्हणून चित्र असं: उंबरठा. आत उभी असलेली आई किंवा वडील किंवा बायको, कोणीही, चेहरा अर्धाच दिसेल असा. बाहेर स्कूटरवर बसलेली मुलगी, मागं वळून पाहणारी, हात हनुवटीपाशी. रक्त नाही, रुग्णवाहिका नाही. मुलगी मुद्दाम घेतली, कारण आपल्याकडे हेल्मेटच्या चित्रात नेहमी मिशीवाला तरुण असतो आणि ॲक्टिवा चालवणाऱ्या निम्म्या शहराला ते आपल्यासाठी नाही असं वाटतं. आणि खाली:

‘येते’ म्हणालात ना? पट्टा लावा.

गुजरातीत तीच: ‘आवुं छुं’ कह्युं ने? पट्टो बांधो. मुलगा असेल तर ‘येतो’. बस, संपलं. खाली कलम नको, दंड नको, अधिकाऱ्याचा फोटो नको. शाखेचं नाव एका कोपऱ्यात, बारीक. शेवटच्या सूचनेवरून बैठकीत सर्वांत जास्त वाद होतो, हे मी अनुभवानं सांगतो.

या ओळीत एक धोका आहे, तो लपवत नाही. ज्या घरात कोणी नुकतं गेलं असेल त्यांना हे वाक्य बोचेल. म्हणून शाखेनं अपघाताच्या बातमीखाली, त्याच दिवशी, ही ओळ टाकू नये. नवरात्रीत टाकावी. गरब्याला निघालेल्या मुली चनिया-चोळी आणि केसांतल्या फुलांमुळे हेल्मेट टाळतात, तेव्हा त्या दारातल्या निरोपाची वेळ आणि ही ओळ एकमेकींना भेटतात.

शेवटी, ही ओळ कामाला आली की नाही हे कळायचं कसं? किती जणांनी पसंतीचा अंगठा दाबला त्यावरून नाही. अंगठा दाबणारा त्याच वेळी पलंगावर पडलेला असतो. मोजायचं रस्त्यावर. पोलीस नसलेली जागा निवडायची, सकाळची भाजीची वेळ, तोच वार, तोच तास. येणारी प्रत्येक दुचाकी पाहायची आणि एकच खूण करायची: पट्टा लागला आहे की नाही. ओळ टाकण्यापूर्वी मोजायचं, तीन आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. शंभर दुचाकी मोजल्या आणि तीस पट्टे सापडले, पुढच्या वेळी सदतीस सापडले, तर आनंदून जाऊ नका. शंभराच्या मोजणीत एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो. चारशे मोजल्या तर तो योगायोगाचा झोल निम्म्यावर येतो. पाऊस पडला, शाळेला सुट्टी लागली, जवळच तपासणी मोहीम सुरू झाली, तर ती मोजणी फेकून द्यायची. दोन निवृत्त माणसं आणि एक वही, एवढ्यावर हे होतं. पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

सुरुवात आपल्यापासून करू. सभागृहात येण्यापूर्वी मी बाहेर लावलेल्या दुचाकी मोजल्या. एकतीस होत्या. अकरांवर हेल्मेट दिसलं, त्यातलं एक लहान मुलाचं. काही आत तुमच्या मांडीवरही असतील, ती धरली नाहीत. आभारप्रदर्शन झालं की मी फाटकापाशी वही घेऊन उभा राहणार आहे. नाव विचारणार नाही. तुम्ही ‘येतो’ म्हणा आणि मला टक ऐकू येऊ द्या.